सी ड्राइव्हला कात्री लावण्याआधी

बडनेरा, बाभुळगाव किंवा शेगावच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडे सहसा एकच लॅपटॉप असतो आणि त्यात एकच डिस्क. विंडोज आधीपासून असतं, कारण लॅपटॉप तसाच विकत मिळतो. लिनक्स हवं असतं, पण त्यासाठी विंडोज घालवायची तयारी नसते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर तर विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या मशीनवरही हाच विचार होऊ लागला आहे. अशा वेळी सगळी भीती लिनक्सच्या इन्स्टॉलेशनबद्दल असते. माझं म्हणणं असं आहे की इन्स्टॉलेशन हा यातला त्यामानाने सोपा भाग आहे; घात होतो तो त्याआधी जागा मोकळी करताना आणि क्रम चुकवल्यामुळे. दोन्ही टाळायला एकच सूत्र पुरतं: पार्टिशन ज्या सिस्टिमचं आहे तिनेच ते लहान करावं, आणि जी सिस्टिम दुसरीला ओळखून घेते तिने मागून यावं. म्हणजे सी ड्राइव्ह विंडोजने आकसावा आणि लिनक्स नंतर बसवावं.

आधी जागेचं बघू. समजा ५१२ जीबीची एसएसडी आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून पडद्यावर ती सुमारे ४७६ जीबीच दिसते. सुरुवातीला शंभर ते अडीचशे एमबीचं ईएफआय पार्टिशन, मग सी ड्राइव्ह आणि शेवटी जवळपास एक जीबीचं रिकव्हरी पार्टिशन, अशी मांडणी असते. सी मध्ये १५० जीबी भरलेले आहेत आणि लिनक्सला १०० जीबी द्यायचे आहेत. `diskmgmt.msc` उघडून सी वर राइट क्लिक करून `Shrink Volume` निवडायचं. जी चौकट येते तिथे पुष्कळ जण फसतात. तिथे विचारलेला आकडा सी चा नवा आकार नसतो, त्यातून किती कापायचं ते असतं, आणि तोही एमबीत. १०० जीबीसाठी `102400` लिहायचं. पण तीनशे जीबी रिकामे असूनही विंडोज कधी कधी दहा-वीस जीबीच सोडायला तयार होतं. हा बिघाड नाही. सी च्या मधोमध किंवा टोकाला जागच्या न हलणाऱ्या फायली बसलेल्या असतात: हायबरनेशनची `hiberfil.sys`, मेमरीला जोड देणारी `pagefile.sys` आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. वाट नेमकी कुणी अडवली तेही विंडोज सांगतं. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या `Application` नोंदींत `259` क्रमांकाची नोंद शोधली की शेवटच्या अडकलेल्या फायलीचं नाव मिळतं. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ द्यायची:

```
powercfg /h off
```

याने हायबरनेशनची फाइल जाते आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतं. दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना `Shut down` केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, डिस्कवर आपली अर्धवट स्थिती राखून झोपतं. अशा झोपलेल्या सी वर लिनक्सने लिहिलं तर फायली बिघडू शकतात. नोंदीत पेजफाइलचं नाव असेल तर ती तात्पुरती बंद करून मशीन रीस्टार्ट करावं. सिस्टिम प्रोटेक्शनही तसंच बंद करता येतं, मात्र त्यासोबत जुने रिस्टोअर पॉइंट पुसले जातात हे ध्यानात असू द्यावं. जागा कापून झाली की पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करायचं. सी च्या लगत `Unallocated` लिहिलेला काळा पट्टा दिसला की काम झालं. त्या पट्ट्यावर विंडोजमधून नवा ड्राइव्ह तयार करू नये. ती जागा लिनक्सच्या इन्स्टॉलरला तशीच मोकळी हवी.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: एवढा खटाटोप कशाला, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून जीपार्टेडने हवी तेवढी जागा काढता येते. येते हे खरं, आणि ते साधनही चांगलं आहे. पण त्यामागे काम करणारं `ntfsresize` स्वतःच सावध असतं. झोपलेल्या विंडोजच्या पार्टिशनला ते हात लावायला नकार देतं, आणि आकार बदलल्यावर पुढच्या वेळी विंडोजने डिस्क तपासावी अशी खूण करून ठेवतं. म्हणजे शेवटचा शब्द विंडोजचाच, हे लिनक्सचं साधनही मानतं. त्याहून महत्त्वाचा मुद्दा वीज जाण्याचा. विंडोज सी लहान करतं तेव्हा आधी तयारी होते, मग फायली अलीकडे सरकतात आणि सगळं पार पडल्यावरच नवी हद्द पक्की होते. मध्येच मशीन बंद पडलं तर सहसा जुनी हद्द कायम राहते. जीपार्टेडमध्ये पार्टिशनची सुरुवातच पुढे-मागे सरकवायला घेतली तर मात्र आतला सगळा डेटा तुकड्या-तुकड्याने नव्या जागी उतरतो. अर्ध्यावर लाइन गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या, आणि हद्द कोणाशीच जुळत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे काम हाती घेऊ नये, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असावा. शिवाय सी ची सुरुवात आणि रिकव्हरी पार्टिशन कोणत्याही साधनाने हलवू नये. काहीही कापण्याआधी कामाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण वरची कोणतीही काळजी बॅकअपची जागा घेत नाही.

दुसरी अडचण अलीकडच्या लॅपटॉपवर हमखास येते. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर डिस्क बहुधा मालकाला न विचारताच एन्क्रिप्ट झालेली असते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `manage-bde -status C:` ही कमांड दिली की ते कळतं. अशा सी चं पार्टिशन विंडोजला स्वतः लहान करता येतं, बाहेरच्या साधनाला येत नाही. आमच्या सूत्राला हा आणखी एक आधार. पण पुढे बायोसमधली एखादी सेटिंग बदलली, किंवा विंडोज लिनक्सच्या मेनूतून सुरू केलं, तर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू झाला त्या खात्यात असते. खातं दुकानातून उघडून घेतलं असेल आणि त्याचा पासवर्ड घरात कोणाला ठाऊक नसेल, तर अडचणीच्या वेळी डेटा समोर असून हाती लागणार नाही. म्हणून की आधी मिळवावी, कागदावर उतरवावी आणि मगच पुढे जावं. की मिळतच नसेल तर एन्क्रिप्शन बंद करून, ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबावं.

आता क्रम. आक्षेप असा की जुन्या बायोसच्या मशीनवर विंडोज डिस्कचा पहिला सेक्टर पुसून लिनक्सचा बूटलोडर घालवायचं, म्हणून क्रमाला महत्त्व होतं. यूईएफआयमध्ये दोघांचे लोडर ईएफआय पार्टिशनच्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तेव्हा कोणीही आधी आलं तरी काय बिघडतं? हे अर्धं खरं आहे. विंडोज आता लिनक्सचा लोडर सहसा पुसत नाही, पण बसताना स्वतःला बूटच्या यादीत पहिलं करतं आणि लिनक्सची दखलही घेत नाही. त्याच्या इन्स्टॉलरला लिनक्सच्या पार्टिशनमध्ये काय आहे ते वाचता येत नाही. ती यादीत बिननावाची दिसतात, आणि जागा हवी असलेला माणूस नेमकं तिथेच `Delete` दाबतो. लिनक्स मागून आलं तर ते सहसा विंडोजचा लोडर शोधून आपल्या मेनूत घेतं. उपाय दोन्हीकडे आहे, पण एका क्रमात तो आपसूक होतो आणि दुसऱ्यात नंतर करत बसावा लागतो.

इन्स्टॉलेशनच्या दिवशी पेन ड्राइव्हवरून आधी लिनक्स नुसतं चालवून डिस्क दिसते का ते बघावं. खरं तर हे सी ला हात लावण्याआधीच उरकावं. काही इंटेल लॅपटॉपवर डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी मोडमध्ये असते आणि इन्स्टॉलरला दिसत नाही. तो मोड बायोसमधून थेट बदलला तर विंडोज `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` दाखवून अडतं. घाबरू नये, सेटिंग परत पूर्ववत केली की ते उठतं. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करून मगच मोड बदलणं, हा त्यावरचा नीट मार्ग. डिस्क दिसत असेल तर उबुंटूमध्ये `Manual installation` निवडावं. `Erase disk` हा पर्याय आपल्यासाठी नाही. मोकळ्या पट्ट्यावर `/` साठी एक्स्ट४ पार्टिशन करावं. स्वॅपसाठी उबुंटू फाइल वापरतं, वेगळी जागा लागत नाही. असलेलंच ईएफआय पार्टिशन `/boot/efi` म्हणून वापरावं आणि ते फॉरमॅट होणार नाही याची खात्री करावी. त्यातच विंडोजचा लोडर आहे. ते पुसलं तर सी मधला डेटा जागेवर असून विंडोज सुरू होणार नाही.

एवढं करूनही लॅपटॉप सुरू करताच सरळ विंडोजमध्ये गेला, तर लिनक्स उडालं असं समजून पुन्हा इन्स्टॉल करू नये. बूट मेनूतून लिनक्समध्ये शिरून यादी बघावी:

```
$ efibootmgr
BootOrder: 0000,0003
Boot0000* Windows Boot Manager
Boot0003* ubuntu
$ sudo efibootmgr -o 0003,0000
```

क्रमांक प्रत्येक मशीनवर वेगळे असतात, आपल्याकडे दिसतील तेच लिहावेत. उलट मेनू आला पण त्यात विंडोज नसेल, तर ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिमचा शोध मुळात बंद ठेवलेला असतो हे कारण असू शकतं. `/etc/default/grub` मध्ये `GRUB_DISABLE_OS_PROBER=false` लिहून `sudo update-grub` चालवलं की विंडोज यादीत येतं.

क्रम अचूक ठेवला तरी सगळंच आपल्या हातात राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक मशीनवर लिनक्स सुरूच होईना. पडद्यावर `SBAT self-check failed` असं दिसे. डेटा सुरक्षित होता. अडवणूक दारातच होती आणि ती सोडवता आली. अशा प्रसंगासाठी लिनक्सचा पेन ड्राइव्ह इन्स्टॉलेशननंतरही जपून ठेवावा. त्यापेक्षा विंडोजमध्येच व्हर्च्युअल मशीन का नको, असंही विचारलं जातं. नुसत्या कमांड शिकायच्या असतील आणि रॅम १६ जीबी असेल तर तोच मार्ग बरा, डिस्कला हात लावूच नये. ८ जीबीच्या मशीनवर मात्र दोन सिस्टिम एकाच वेळी रॅम वाटून घेतात आणि दोन्ही रखडतात. तिथे ड्युअल बूटची जोखीम घेण्याला अर्थ आहे.

आणि कधी लिनक्स काढायची वेळ आली, तर हाच क्रम उलटा चालवायचा. आधी बूटच्या यादीत `Windows Boot Manager` पहिलं करायचं, विंडोज स्वतःहून सुरू होतं याची खात्री करायची, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन काढायचं आणि `Extend Volume` ने जागा सी ला परत द्यायची. जागा सी च्या लगतच कापलेली असल्यामुळे ती सरळ परत जोडली जाते. आधी पार्टिशन पुसलं आणि यादी तशीच ठेवली, तर पुढच्या वेळी विंडोजऐवजी `grub>` एवढंच दिसेल, कारण मेनूचा लोडर ईएफआय पार्टिशनमध्ये राहतो आणि त्याची बाकीची सामग्री गेलेली असते. तेव्हाही विंडोज शाबूत असतं आणि बूट मेनूतून सुरू होतं, पण हे आधी ठाऊक नसलेला माणूस त्या पडद्यापुढे डिस्क फॉरमॅट करायला निघतो.