स्कोअर खरा, पण कोणत्या मोडमधला?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलं की तक्रारींच्या साथी कळतात. कधी बॅटरी फुगल्याची साथ असते, कधी अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ आल्याची. गेली काही वर्षं एक साथ मात्र हटायला तयार नाही. गिऱ्हाईक नवाकोरा फोन काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "रिव्ह्यूमध्ये स्कोअर केवढा दाखवला होता, माझ्याकडे तेवढा येतच नाही. पीस खराब आलाय का?"

पीस बहुतेक वेळा ठणठणीत असतो. असाच एक कॉलेजातला मुलगा आला होता. बीजीएमआय खेळायला म्हणून साठवलेल्या पैशांतून त्यानं फोन घेतला होता. "काका, बदलून मिळेल का बघा ना, मित्र हसतायत." मी सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर गेलो. तळाशी 'हाय परफॉर्मन्स मोड' नावाचं बटण बंद होतं. ते चालू करून फोन थंड होऊ दिला आणि तीच टेस्ट पुन्हा चालवली. आकडा रिव्ह्यूतल्या आकड्याच्या अगदी जवळ गेला. पोरगं खूश! मग त्याला म्हटलं, आता मोड असाच चालू ठेव आणि इथंच बसून गेम खेळ. पाव तासात फोनची पाठ हातात धरवेना आणि गेम अडखळायला लागला. मोड बंद असताना तोच गेम थोडा कमी वेगानं, पण सलग चालत होता.

म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्यानं खोटा आकडा लिहिला नव्हता. आकडा कोणत्या मोडमधला, हे तेवढं लिहिलं नव्हतं.

या मोडमागची गोष्ट जुनी आहे. आज जे बटण आपल्या हातात आहे, ते आधी फोनच्या आत लपलेलं होतं. 2013 मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी नोट 3 आला तेव्हा आर्स टेक्निका या अमेरिकन संकेतस्थळाला एक गोष्ट खटकली. एलजीच्या जी 2 मध्येही तीच स्नॅपड्रॅगन 800 चिप होती, तरी नोट 3 जी 2 पेक्षा नको तितका पळत होता. चिप एकच असताना एवढा फरक कुठून यावा? त्यांनी गीकबेंच नुसतं उघडलं, टेस्ट सुरूही केली नाही, आणि प्रोसेसरकडे बघत बसले. एरवी रिकाम्या बसलेल्या फोनचे तीन कोअर झोपलेले असतात आणि चौथा 300 मेगाहर्ट्झवर रेंगाळतो. इथं मात्र गीकबेंच उघडताच चारही कोअर 2.3 गिगाहर्ट्झवर जाऊन तिथंच थांबले. मग त्यांनी ॲपच्या फाइलमध्ये तेवढं नाव बदललं आणि त्याला 'स्टेल्थबेंच' म्हटलं. आतली टेस्ट तीच होती, तरी स्कोअर खाली आला. काही टेस्टमध्ये हा फुगवटा 20 टक्क्यांपर्यंत होता.

यातली मेख अशी की फोन कामाचं ओझं ओळखत नाही, तो नाव ओळखतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला एक पॅकेज नाव असतं. गीकबेंच 6 चं `com.primatelabs.geekbench6` आहे, अंतुतूचं `com.antutu.ABenchMark`. फोनमध्ये अशा नावांची यादी ठेवायची आणि त्यातलं ॲप उघडलं की वेग आणि तापमानाच्या मर्यादा सैल करायच्या. बस्स, एवढंच. 2020 मध्ये मीडियाटेकच्या चिप असलेल्या काही फोनांत `power_whitelist_cfg.xml` या फाइलमध्ये अशी यादी उघड्यावरच सापडली होती. मर्यादा सैल करणाऱ्या त्या खटक्याला नाव होतं 'स्पोर्ट्स मोड'.

पकडण्याची रीतही त्यातूनच निघाली. 2017 मध्ये गीकबेंच बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जनं एक्सडीए या संकेतस्थळाला वेषांतर केलेलं गीकबेंच दिलं. नाव ठेवलं होतं 'बॉब्ज मिनी गोल्फ पट'. फोनला वाटायचं मालक गोल्फ खेळतोय. वनप्लस 3टी त्यात सापडला. 2018 मध्ये 3डीमार्क बनवणाऱ्या यूएल कंपनीनं हुआवेच्या फोनांवर सर्वांना मिळणारं ॲप आणि आपलं खासगी ॲप अशी दोन्ही चालवली. टेस्ट एकच असूनही फरक 47 टक्क्यांपर्यंत गेला. पी20 प्रो, नोव्हा 3 आणि ऑनर प्ले हे फोन त्यांनी यादीतून काढून टाकले. त्यानंतर हुआवेनं तोच मोड वापरणाऱ्यांसाठी खुला केला, आणि इथून पुढं लपलेल्या यादीचं बटण झालं. आता कुणी त्याला जीटी मोड म्हणतं, कुणी मॉन्स्टर मोड.

माझं मत विचाराल तर बटण असण्यात काही गैर नाही. बटण दिसतं, आपण ते दाबू शकतो, बंदही करू शकतो. गैर आहे ते त्या आकड्याला 'हा फोन' म्हणून खपवणं. जाहिरातीतल्या भल्यामोठ्या अंतुतू आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रयोगशाळेतील आकडेवारी' असं छापलेलं असतं. ती प्रयोगशाळा बहुतेकदा वातानुकूलित असते आणि फोन सर्वांत जास्त रॅमचा असतो. रिव्ह्यू करणारा घाईत असेल तर तोच आकडा उचलतो.

तो आकडा हातात टिकत नाही, कारण प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महागात पडतो. फोनला पंखा नसतो, सगळी उष्णता पाठीतूनच बाहेर पडणार. दोन-चार मिनिटांच्या टेस्टला हे खपून जातं. गीकबेंच तर दोन टेस्टच्या मध्ये क्षणभर थांबून फोनला दम खाऊ देतं. म्हणजे त्यातला आकडा फोन ताजा असतानाचा असतो, खेळताना तुमच्या हातात असणाऱ्या फोनचा नव्हे.

म्हणून रिव्ह्यू उघडला की मी आधी स्कोअर बघत नाही, 3डीमार्कची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट दिली आहे का ते बघतो. यात एक मिनिटाची फेरी सलग वीस वेळा चालते. शेवटी सर्वांत चांगल्या फेरीचा आकडा, सर्वांत वाईट फेरीचा आकडा आणि दोन्हींचं प्रमाण, म्हणजे 'स्टॅबिलिटी', मिळते. समजा एका फोनची चांगली फेरी 10,000 ची आणि स्टॅबिलिटी 55 टक्के. दुसऱ्याची फेरी 8,000 ची आणि स्टॅबिलिटी 80 टक्के. पहिल्याची वाईट फेरी होते 5,500 आणि दुसऱ्याची 6,400. तासभर खेळणाऱ्यानं दुसरा घ्यावा, मथळ्यात मात्र पहिला जिंकतो. पण नुसत्या स्टॅबिलिटीवरही भाळू नका. पहिल्या फेरीपासूनच हात आखडता घेणारा फोन 99 टक्के सहज दाखवतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायचे. निकालाच्या त्याच पानावर तापमान आणि बॅटरीचा आलेख असतो. रिव्ह्यूत तो कापून फक्त वरचा आकडा दाखवला असेल तर मी विचारतो, का कापला?

दुसरी गोष्ट म्हणजे तीच चिप असलेला दुसऱ्या कंपनीचा फोन शोधायचा. नोट 3 असाच सापडला होता. एकच चिप आणि टेस्टची एकच आवृत्ती असेल तर आकड्यांत थोडाफार फरक पडतोच. अंतुतूत रॅम आणि स्टोरेजही मोजलं जातं, म्हणून तिथं फरक जरा जास्त चालतो. पण फक्त सीपीयूच्या टेस्टमध्ये एखादा फोन आपल्या भावंडांपेक्षा पंधरा-वीस टक्के पुढे असेल, तर बहुधा कुठलं तरी बटण दाबलेलं आहे. अंतुतूच्या दोन वेगळ्या आवृत्त्यांचे आकडे मात्र शेजारी ठेवू नका. आवृत्ती बदलली की मोजमापच बदलतं, आणि रिव्ह्यूत आवृत्ती लिहिलेली नसेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

उलटी लबाडीही असते आणि ती ओळखायला अवघड जाते. 2021 मध्ये वनप्लस 9 प्रोवर क्रोमसारखी रोजची ॲप्स मुद्दाम हळू चालवली जातात असं आनंदटेकनं दाखवलं. बेंचमार्क त्यातून वगळलेले होते. पुढच्या वर्षी सॅमसंगच्या 'गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस'ची तीच कथा निघाली: गेम आणि इतर ॲप्सना लगाम, बेंचमार्कला मोकळं रान. गीकबेंचनं गॅलक्सी एस 10 पासून एस 22 पर्यंतच्या मुख्य मालिका यादीतून काढल्या. इथं स्कोअर फुगवलेला नव्हता, बाकी सगळं दाबलेलं होतं. वाचणाऱ्यासाठी परिणाम एकच. याची परीक्षा म्हणजे क्रोममध्ये स्पीडोमीटर ही ब्राउझर टेस्ट चालवणं. गीकबेंचमध्ये भावंडांच्या बरोबरीचा आणि स्पीडोमीटरमध्ये त्यांच्यापेक्षा बराच मागे, असा फोन दिसला तर लगाम कुठं आहे ते कळतं.

हात चालवायची आवड असेल तर फोन संगणकाला जोडून यूएसबी डीबगिंग चालू करा आणि हे बघा:

```
adb shell cat /sys/devices/system/cpu/cpu7/cpufreq/scaling_cur_freq
```

आठ कोअरच्या बऱ्याच फोनांत cpu7 हा सर्वांत ताकदवान कोअर असतो. आकडा किलोहर्ट्झमध्ये येतो. आधी कॅल्क्युलेटर उघडून फोनला हात न लावता ही ओळ थांबून थांबून चालवा. मग गीकबेंच उघडून, टेस्ट सुरू न करता, तेच करा. दोन्हीकडे आकडा अधूनमधून खाली येत असेल तर ठीक. गीकबेंच नुसतं उघडं असताना तो वरच्या टोकाला चिकटून राहिला, तर फोननं नाव ओळखलंय. काही फोन हा आकडा वाचूच देत नाहीत, 'Permission denied' म्हणतात. मग पुढे जाता येत नाही. आणि नाव बदललेलं गीकबेंच म्हणून कुठूनही फाइल उतरवू नका. तसली फाइल टाकल्यावर ज्यांच्या फोनमध्ये भलतंच काही शिरलं, अशी मंडळीही माझ्याकडे येतात.

घेतलेला फोन परत करायची मुदत थोडी असते, म्हणून पहिल्याच दिवशी मोड बंद ठेवून, पंखा न लावता, कव्हर घालून स्ट्रेस टेस्ट चालवा. आपल्याकडचा एप्रिल असेल तर उत्तमच. त्या निकालाचा स्क्रीनशॉट, मोड बंद असल्याचा स्क्रीनशॉट आणि ज्याच्या भरवशावर फोन घेतला त्या रिव्ह्यूतला आकडा, हे तिन्ही घेऊन दुकानदाराकडे जा. रिव्ह्यू करणाऱ्यालाही तोच स्क्रीनशॉट पाठवून कोणता मोड, खोलीचं तापमान किती आणि अंतुतूची आवृत्ती कोणती, एवढं विचारा. माझा अनुभव असा की प्रामाणिक माणूस लगेच सांगतो, आणि काहींनी तर पुढच्या रिव्ह्यूपासून दोन्ही मोडचे आकडे द्यायला सुरुवात केली.