परवानगीचे पत्र : मोल्सवर्थच्या कोशातील नोंदी आणि संशोधकाची मर्यादा

मराठी विभागातील संशोधक विद्यार्थी ग्रंथालयातून ग्रंथ घेताना नोंदवहीत सही करतो, हस्तलिखित पाहायचे असल्यास संस्थेच्या चिटणिसांना अर्ज लिहितो. संकेतस्थळावरील सामग्री घेताना मात्र त्याला अर्जाची गरज भासत नाही. पान पडद्यावर उघडते, म्हणजे ते घेण्यास मोकळे आहे, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत कोठे अपुरी पडते आणि परवानगीच्या पत्रात नेमके काय लिहावे लागते, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहता येईल.

अमरावतीच्या राजापेठेत राहणारी एक विद्यार्थिनी पीएच.डी.साठी वऱ्हाडीतील फारसी-अरबी शब्दांचा अभ्यास करीत आहे, अशी कल्पना करू. वऱ्हाडावर आधी इमादशाहीचा आणि पुढे निजामाचा अंमल होता. त्यामुळे विषयाला ऐतिहासिक आधार आहे. तुलनेसाठी तिला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हवा आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची व वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. या कोशात शब्दाच्या मूळ भाषेची खूण कंसात दिलेली असते. फारसीसाठी P आणि अरबीसाठी A. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर दुसरी आवृत्ती शोधता येईल अशा स्वरूपात उपलब्ध आहे. एकेक शब्द शोधणे तेथे सोपे आहे, परंतु या दोन खुणांच्या सर्व नोंदी एकत्र हव्या असतील, तर सुमारे नऊशे पृष्ठे एकामागून एक उतरवून घ्यावी लागतील. हे काम छोट्या संगणकीय आज्ञावलीने होऊ शकते. पत्राची आवश्यकता येथेच निर्माण होते.

या सामग्रीवर दोन भिन्न हक्क आहेत. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार ग्रंथकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याची कृती मुक्त होते. मोल्सवर्थचा मजकूर त्या अर्थाने केव्हाच सार्वजनिक झाला आहे. परंतु तो टंकून, तपासून, शोधयोग्य करून ज्या संगणकावर ठेवला आहे, तो संगणक आणि त्यावर घेतलेले श्रम एका संस्थेचे आहेत. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे (२०००) कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकातील विदा उतरवून घेणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य मानते. परदेशातील संस्थेच्या बाबतीत तेथील कायदा व संस्थेच्या अटीही पाहाव्या लागतात. सारांश, मजकूर मुक्त असला तरी त्याकडे जाण्याची वाट मुक्त असेलच असे नाही. वाचकाने एक पान वाचणे आणि यंत्राने नऊशे पाने उपसणे यांत फरक आहे, तो याच ठिकाणी.

म्हणून पत्रापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, संकेतस्थळाच्या तळाशी असलेल्या वापराच्या अटी, कारण परवानगी तेथे आधीच दिलेली किंवा नाकारलेली असू शकते. दुसरी, संकेतस्थळाच्या मुळाशी असलेली robots.txt ही फाईल. यंत्रांनी कोठे जाऊ नये हे मालक तीत Disallow या शब्दापुढे लिहितो. ही प्रथा १९९४ पासून चालत आली असून २०२२ मध्ये तिला प्रमाणित रूप मिळाले. तिच्यातील सूचना स्वतः कुलूप नव्हे, परंतु मालकाची इच्छा ती स्पष्ट सांगते. तिसरी गोष्ट अशी की विद्यार्थिनीने दहा पृष्ठे हाताने उघडून वहीत नोंदी कराव्यात. खुणा सर्वत्र सारख्या छापल्या आहेत काय, एकाच नोंदीत दोन्ही खुणा येतात काय, हे कळल्याशिवाय आपल्याला काय हवे आहे हेच तिला सांगता येणार नाही.

अशा वेळी बहुधा लिहिले जाणारे पत्र असे असते : ‘मी संशोधन करीत आहे. आपल्या संकेतस्थळावरील सर्व माहिती मला हवी आहे. कृपया परवानगी द्यावी.’ या पत्राला उत्तर येत नाही, यात उद्धटपणाचा भाग नाही. ‘सर्व’ म्हणजे किती, ‘हवी’ म्हणजे कशासाठी, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला होकार देण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. त्याऐवजी पुढील मसुदा पाहावा. शिकागोला तो इंग्रजीत जाईल, परंतु विचार आधी मराठीत पक्का करणे हिताचे.

‘मी अमरावती येथील विद्यापीठात मराठीची संशोधक विद्यार्थिनी असून माझ्या मार्गदर्शकांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे. मोल्सवर्थ कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतील P व A या खुणांच्या नोंदींपैकी शब्द, खूण व पृष्ठांक एवढेच मला हवे आहे. अर्थविवरण मी साठवणार नाही. पृष्ठे उतरवून घेण्याची अनुज्ञा मिळाल्यास दोन पृष्ठांत दहा सेकंदांचे अंतर ठेवीन आणि हे काम आपण सांगाल त्या वेळी करीन. आपल्याकडे ही सामग्री एकत्रित फाईलच्या रूपात असल्यास तीच मिळावी, म्हणजे आपल्या संगणकावर भार पडणार नाही. प्रबंधात आकडेवारी व निवडक उदाहरणे येतील. संपूर्ण यादी प्रसिद्ध करण्यापूर्वी स्वतंत्र परवानगी घेईन. टंकनातील चुका आढळल्यास त्यांची यादी आपणास पाठवीन.’

या मसुद्यातील प्रत्येक वाक्य मालकाच्या मनातील एका शंकेचे उत्तर आहे. दहा सेकंदांचे अंतर ठेवले तर नऊशे पृष्ठांना नऊ हजार सेकंद, म्हणजे अडीच तास लागतात. घाई केली तर हेच काम काही मिनिटांत उरकेल, परंतु तेवढ्यात इतर वाचकांना पाने उघडेनाशी होतील. ४२९ किंवा ५०३ हे आकडे उत्तरादाखल येऊ लागले, तर यंत्र आपल्याला थांबण्यास सांगत आहे असे समजून थांबावे. न थांबल्यास पत्ताच बंद केला जातो. महाविद्यालयातील सर्व संगणक बहुधा एकाच पत्त्यावरून बाहेर जातात. त्यामुळे एका विद्यार्थिनीच्या घाईची शिक्षा साऱ्या महाविद्यालयाला भोगावी लागते.

यादी प्रसिद्ध करण्याविषयीचे वाक्य सर्वांत अधिक विसरले जाते. पीएच.डी.चा प्रबंध आज ‘शोधगंगा’वर जातो आणि जगाला खुला होतो. परिशिष्टात संपूर्ण यादी जोडली, तर अभ्यासासाठी मिळालेली सामग्री नकळत पुनर्प्रकाशित होते. वापरण्याची आणि पुन्हा प्रसिद्ध करण्याची परवानगी वेगवेगळी असते, हे मार्गदर्शकानेही ध्यानात ठेवले पाहिजे.

उत्तर आले नाही तर काय करावे? मौनाला संमती मानणे सोयीचे असले तरी येथे ते लागू होत नाही. तीन आठवड्यांनी एक स्मरणपत्र पाठवावे. तेही अनुत्तरित राहिल्यास किंवा नकार आल्यास अभ्यासाचा आकार बदलावा. कोशातील प्रत्येक तिसावे पृष्ठ घेतले तर तीसच पृष्ठे हाती उरतात. ती छापील प्रतीतून आठवडाभरात हाताने उतरवता येतात, आणि नमुना कसा निवडला हे प्रबंधात सांगितले म्हणजे निष्कर्षांची मर्यादाही वाचकाला कळते. मात्र अशा नमुन्यातून प्रमाणाचा अंदाज बांधता येईल. अमुक शब्द कोशात नाही, असे विधान त्याच्या आधारे करता येणार नाही.

परवानगी मिळाली तरी एक मर्यादा राहतेच. मोल्सवर्थचे काम मुंबई इलाख्यात झाले. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या प्रशासनाखाली होता. म्हणून राजापेठेत आज ऐकू येणारा एखादा फारसी शब्द कोशात न सापडणे, हा तो शब्द वऱ्हाडात नव्हता याचा पुरावा ठरत नाही. ज्या विद्यार्थिनीने पत्र लिहिताना ‘मला नेमके काय हवे, आणि त्यातून काय सिद्ध होईल’ हे आधी ठरवले असेल, तिला ही मर्यादा प्रबंधाच्या शेवटी नव्हे, आरंभीच दिसलेली असेल.