किरकोळ रोकडीची पेटी आणि महिनाअखेरची मोजदाद

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी एक लहान सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी त्याचा मानद चिटणीस आहे. टपाल, रिक्षाभाडे, चहापान, झाडू-फिनेल असल्या खर्चासाठी लेखनिक मागतील तेव्हा कधी पाचशे, कधी हजार रुपये द्यावे लागतात. महिनाअखेरीस वही आणि पेटी यांचा मेळ दहा-वीस रुपयांनी चुकतो, आणि लेखनिक बिचारे स्वतःच्या खिशातून भरपाई करून मोकळे होतात. अग्रधन पद्धतीने किरकोळ रोकडवही ठेवावी असे हिशेबतपासनिसांनी सुचविले आहे. ती कशी ठेवावी व दरमहा कशी तपासावी?

उत्तर : आपल्या पत्रातील जी गोष्ट आपण सहानुभूतीने लिहिली आहे, तीच मला सर्वांत अधिक चिंतेची वाटते. लेखनिकाने पदरचे पैसे घालून मेळ बसविला की चूक नाहीशी होत नाही, ती केवळ दृष्टीआड होते. आणि जो मनुष्य तुटीच्या वेळी खिशातून घालतो, त्याने वाढाव्याच्या वेळी खिशात घातले तर त्याला दोष देण्याचा अधिकार कार्यालयाकडे उरत नाही. म्हणून खासगी पैसा पेटीत येणार नाही व पेटीतील पैसा उसना म्हणूनही बाहेर जाणार नाही, असा लेखी हुकूम प्रथम काढावा.

आता पद्धतीकडे वळू. मागील तीन-चार महिन्यांचा किरकोळ खर्च पाहून, एका महिन्यास पुरून थोडी उरेल अशी एक रक्कम कार्यकारी मंडळाने ठरावाने निश्चित करावी. आपला खर्च तीन ते साडेतीन हजारांच्या आसपास असेल असे धरून ती ४,००० रुपये मानू. एवढ्या रकमेचा धनादेश एकदाच काढून लेखनिकाच्या हवाली करावयाचा, आणि मुख्य खतावणीत किरकोळ रोकड खाते नावे व बँक खाते जमा अशी नोंद करावयाची. त्यानंतर महिन्याकाठी जेवढा खर्च झाला तेवढ्याच रकमेचा, एक रुपया कमी नाही की अधिक नाही, असा धनादेश देऊन पेटी पुन्हा ४,००० वर आणावयाची. हा दुसरा धनादेश किरकोळ रोकड खात्यावर न टाकता थेट टपाल, प्रवास, चहापान अशा त्या त्या खर्चखात्यांस नावे टाकावा, म्हणजे मंडळ रक्कम बदलीपर्यंत खतावणीत किरकोळ रोकड ४,०००च दिसेल. यातून जी कसोटी हाती येते तिच्यावर सारी पद्धती उभी आहे: कोणत्याही दिवशी, कोणत्याही घटकेस पेटी उघडली तरी रोख रक्कम, भरपाई न झालेल्या पावत्या आणि कामासाठी दिलेल्या उचलीच्या चिठ्ठ्या यांची एकत्र बेरीज ४,०००च भरली पाहिजे.

वहीची आखणी साधी आहे. डावीकडे मिळालेली रक्कम, मग तारीख, पावती क्रमांक, तपशील व एकूण खर्च, आणि त्यापुढे पाच-सहा खर्चशीर्षांचे रकाने. प्रत्येक खर्च दोनदा लिहावयाचा, एकूण रकान्यात आणि त्याच्या शीर्षाखाली, म्हणजे रकान्यांच्या तळच्या बेरजांची आडवी बेरीज एकूण रकान्याशी जुळलीच पाहिजे. ज्या खर्चाला दुकानाची पावती मिळत नाही, जसे रिक्षाभाडे किंवा हमाली, त्यासाठी कार्यालयाची छापील खर्चचिठ्ठी करून तीवर पैसे घेणाऱ्याची सही व खर्चाचे कारण असावे. हल्ली शिपाई स्वतःच्या मोबाईलवरून पैसे भरून त्याचे चित्र दाखवितो. त्यावरून पैसे गेले एवढे कळते, काय आणले ते कळत नाही, तेव्हा बिलाचा आग्रह सोडू नये. एका वेळी पाचशे रुपयांवरील खर्च या पेटीतून करू नये. रद्दी विकून आलेले पैसे मात्र या पेटीत मुळीच टाकू नयेत. ते मुख्य रोकडीत जमा व्हावेत, नाही तर वरची कसोटीच मोडते.

महिनाअखेरची तपासणी आपण स्वतः करावी, आणि ती करताना लेखनिक समोर हजर असावेत. आधी रोकड मोजावी, वही नंतर पाहावी. कारण वहीतील शिल्लक डोळ्यांपुढे असली की मोजणारा हात नकळत तिच्याकडेच ओढला जातो. उदाहरणादाखल, एका महिन्यात टपाल ६४०, प्रवास ७८५, चहापान ९२०, लेखनसामग्री ४७५ व सफाई-दुरुस्ती ४१० असा एकूण ३,२३० रुपये खर्च वहीत दिसतो, म्हणजे पेटीत ७७० हवेत. मोजता शंभराच्या चार, पन्नासाच्या दोन, वीसच्या दोन व दहाची एक नोट आणि दोन रुपयांचे नाणे, असे ५५२ निघाले; शिवाय त्याच दुपारी दिवा आणावयास गेलेल्या शिपायाची २०० रुपयांच्या उचलीची सही केलेली चिठ्ठी. एकूण ७५२, तूट १८ रुपयांची.

येथे खिशात हात घालावयाचा नाही. १८ला नवाने निःशेष भाग जातो, आणि अशा तुटीत अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा असतो. भागाकार दोन आला, तेव्हा शेजारच्या ज्या दोन अंकांत दोनाचा फरक आहे अशा नोंदी आधी पाहाव्यात. पावत्या एकेक करून ताडता पुस्तकांचे खोके एस.टी. स्थानकावरून आणल्याची खर्चचिठ्ठी २७५ची, आणि वहीत मात्र २५७ असे आढळले. खाडाखोड न करता जुन्या अंकावर एक रेघ मारून वर शुद्ध अंक व आद्याक्षरी करावी. प्रवास ८०३, एकूण ३,२४८, शिल्लक ७५२. आता धनादेश ३,२४८चा. मूळ वहीवर विसंबून ३,२३०चा दिला असता, तर पेटी कायमची १८ रुपयांनी लंगडी राहिली असती.

चूक न सापडल्यास पावत्यांइतकाच खर्च मंजूर करून तूट वेगळ्या ‘रोकड तूट’ शीर्षाखाली मंडळापुढे ठेवावी. वाढावाही याच गंभीरतेने नोंदवावा. धनादेशावर सही करतेवेळी प्रत्येक पावतीवर ‘अदा’ असा शिक्का व तारीख घालावी, कारण तीच पावती पुढील महिन्यात पुन्हा गठ्ठ्यात शिरणे हा या वहीतील सर्वांत जुना व सोपा गैरप्रकार आहे. पावत्यांचे क्रमांकही न्याहाळावेत: तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन पावत्यांवर एकाच दुकानाचे लागोपाठचे क्रमांक असतील, किंवा सुट्टीच्या दिवशी रिक्षाभाडे पडले असेल, तर विचारणा करणे भाग आहे. आणि अनेक महिने एका रुपयाचाही फरक पडत नसेल, तर वर्षातून दोन-तीनदा महिन्याच्या मध्यावर पूर्वसूचनेवाचून पेटी उघडून पाहावी.

३१ मार्चला पेटीत कितीही रक्कम उरलेली असो, त्या दिवशी भरपाई अवश्य करावी. अन्यथा मार्चचा खर्च पुढल्या वर्षाच्या हिशेबात जातो. लेखनिक रजेवर जाताना पेटी दुसऱ्याकडे द्यावयाची असेल, तर त्याच रीतीने मोजून, दोघांच्या सह्या वहीत घेऊनच किल्ली हातची सोडावी.