आधी मापाचा नियम, मग दर

बोईसरला राहून तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांची छोटी-मोठी सिव्हिल कामं घेतो. बिलावरून वाद या धंद्यात ठरलेलाच. मालक म्हणतो "फार झालं", आपण म्हणतो "परवडत नाही", आणि शेवटी मधला आकडा धरून मिटवतात. त्यात ज्याने आधी जास्त ताणलं त्याचा फायदा होतो, म्हणून मला ती पद्धत पटत नाही.

१. आकड्यावर बोलण्याआधी माप कसं धरायचं ते ठरवा.

एका कारखान्यात २० मीटर लांब, ५ मीटर उंच भिंतीला दोन्ही बाजूंनी एकाच प्रकारचं प्लास्टर केलं. भिंत ९ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर. तिच्यात ३ बाय ३ मीटरचं एक शटर, प्रत्येकी १.८ चौरस मीटरच्या चार खिडक्या आणि एक्झॉस्ट पंख्यांसाठी ०.३६ चौरस मीटरची दोन भोकं. आमच्या मिस्त्रीने अख्खी भिंत धरून २०० चौरस मीटर लावले. कारखान्याच्या सुपरवायझरने सगळी भोकं दोन्ही बाजूंनी वजा करून साधारण १६६ काढले. दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं.

मी टेबलावर आयएस १२०० ठेवलं. बांधकामाच्या मोजमापाचं हे भारतीय मानक, त्याचा बारावा भाग प्लास्टरचा. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट. तीनच्या वर दोन्ही बाजू वजा, पण भिंतीच्या जाडीतलं प्लास्टर मोजून मिळवायचं.

मग हिशेब सरळ झाला. शटरचे १८ गेले, त्याच्या दोन उभ्या बाजू आणि वरची कड मिळून २.०७ परत आले, खिडक्यांचे ७.२ गेले, पंख्यांचं काही नाही. उरले १७६.८७. आमचे तेवीस चौरस मीटर कमी झाले, त्यांचे साधारण अकरा वाढले.

सुपरवायझरसाहेबांना खिडकीची एकच बाजू का, हे पटत नव्हतं. त्यांना खिडकीपाशी नेऊन जाडीतल्या कडा दाखवल्या. तिथे पट्टी लावून कोपरा सरळ काढायला गवंड्याचा वेळ सपाट भिंतीपेक्षा जास्त जातो, आणि लहान भोकात ते काम वेगळं मोजत नाहीत. न वजा केलेली बाजू त्याचाच मोबदला. कारण कळल्यावर त्यांनी तिथेच सही केली. नियमामागचं कारण सांगता येत नसेल, तर समोरच्याला तो नियमही आपला डावच वाटतो.

२. जादा कामाचा दर मूळ कामाच्याच प्रमाणात.

काम चालू असताना "एवढा कोबा पण करून टाका" असं सांगतात आणि दर ठरतच नाही. मी सार्वजनिक बांधकाम विभागाचं दरपत्रक काढतो. समजा, मूळ काम आपण दरपत्रकापेक्षा आठ टक्के कमी दराने घेतलंय. मग जादा कामालाही तेच आठ टक्के कमी. पत्रकात हजार असेल तर नऊशे वीस. अडचणीत सापडलेल्या मालकाकडून जास्त उकळता येत नाही, आणि त्यालाही आपल्याला खाली दाबता येत नाही.

पण पत्रकात सगळं नसतं. ॲसिडप्रूफ टाइलसारखं काम असेल, तर मालाची दोन-तीन पुरवठादारांची कोटेशनं, प्रत्यक्ष लागलेली मजुरी आणि वर ठरलेला टक्का, असा दर उघड मांडावा. केंद्रीय बांधकाम खातं आपल्या दर-पृथक्करणात नफा आणि वरखर्चाला मिळून १५ टक्के धरतं. बोलणी सुरू करायला तो आधार मला रास्त वाटतो.

३. खोळंब्याचा पुरावा समोरच्याच्याच वहीत असावा.

चालू केमिकल प्लांटमध्ये वर्क परमिट मिळेपर्यंत माणसं बसून राहतात. दरपत्रकात हा खोळंबा धरलेला नसतो, आणि त्याची मजुरी मागितली की "तुमची माणसं उशिरा आली" असं उत्तर येतं. आमच्या डायरीवर ते विश्वास का ठेवतील? गेटवरच्या रजिस्टरमध्ये माणसं आत आल्याची वेळ असते, परमिटवर ते दिल्याची वेळ. दोन्ही नोंदी कारखान्याच्याच. पहिला अर्धा तास आमचा, त्यापुढचा खोळंबा त्यांचा, अशी अट मी आता ऑर्डर घेतानाच घालतो. साहित्य किंवा सेफ्टी बेल्ट आमच्याकडून कमी पडले म्हणून परमिट अडलं, तर तो वेळ मागत नाही.

४. तोंडी सांगितलेलं काम बुडीत धरू नका.

फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कायदेशीर कामाचा दुसऱ्याने लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो, असं भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० सांगतं. पण काम कोणी सांगितलं, किती झालं, हे दाखवावं लागतंच. म्हणून प्लास्टरखाली किंवा मातीखाली जाणारं काम झाकण्याआधीच दोघांनी मिळून मोजावं आणि मोजमाप वहीत सह्या घ्याव्यात. एकदा पाया भरला, की त्याच्या खोलीवरचा वाद मिटवायला खणण्याशिवाय मार्ग राहत नाही.