गोळी आधी, आवाज नंतर

प्रश्न : मोबाइलवर बीजीएमआय खेळताना ब्लूटूथ इअरबड्समध्ये गोळीचा आवाज उशिरा येतो. त्याच इअरबड्सवर यूट्यूब मात्र अगदी बरोबर चालतं. दोष इअरबड्सचा की नेटचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नेटचा नक्की नाही. इअरबड्स काढून फोनच्या स्पीकरवर तीच बंदूक चालवून बघा. उशीर गेला, तर तो ब्लूटूथचाच.

ब्लूटूथवरून गाणी ऐकवण्याची पद्धत ठरवली गेली ती आवाज तुटू नये या हिशोबाने; तो झटपट पोचावा ही अट नव्हती. फोन आवाजाचे छोटे तुकडे करतो, ते दाबून लहान करतो आणि हवेतून पाठवतो. वायफायच्या गर्दीत एखादा तुकडा हरवला की तो पुन्हा पाठवावा लागतो. तेवढ्यात कानात शांतता पसरू नये म्हणून इअरबड थोडा आवाज कायम साठवून ठेवतो, याला बफर म्हणतात. नळाला पाणी रडतखडत आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे आंघोळ अडत नाही, तसंच हे. उशिराचा मोठा वाटा या साठ्याचा असतो. नेहमीच्या एसबीसी किंवा एएसी कोडेकवर हे सगळं मिळून साधारण १५० ते २५० मिलिसेकंद होतात.

यूट्यूबला पुढचं चित्र आधीच माहीत असतं, म्हणून प्लेअर चित्रच तेवढं थांबवून दाखवतो आणि उशीर लपून जातो. गेमला ही सोय नाही. तुम्ही ट्रिगर कधी दाबणार हे त्याला कसं कळावं?

२०० मिलिसेकंद धरू. ६० फ्रेमच्या खेळात तेवढ्यात १२ फ्रेम निघून जातात. गोळीचा आवाज मागे पडला तर नुसती चिडचिड होते, खरा घात पावलांच्या आवाजात. सेकंदाला सहा मीटर धावणारा शत्रू, त्याचं पाऊल तुम्हाला ऐकू येईपर्यंत, सव्वा मीटर पुढे आलेला असतो. म्हणजे दाराबाहेर वाटतो तो दारात उभा असतो.

यावर एक उपाय लो-लेटन्सी डोंगलचा. तोही बहुधा ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतो, पण ब्लूटूथची भाषा सोडून. तुकडे लहान, साठा अगदी थोडा, आणि दोन्ही टोकं एकाच कंपनीने एकमेकांसाठी बनवलेली. त्यामुळे उशीर २०-४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. मात्र तो हेडसेटसोबतच आलेला हवा. बाजारातला साधा ब्लूटूथ डोंगल लावून काही उपयोग नाही. पीसीवर यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी तो खरखरला, तर छोट्या एक्स्टेन्शन वायरने दूर न्या, त्या पोर्टचा गोंगाट याच पट्ट्यात येतो.

दुसरा उपाय वायरच्या हेडसेटचा. वायरमध्ये रेडिओ नाही, त्यासाठीचा साठाही नाही. उरतो तो फोनचा आणि गेमचा स्वतःचा किरकोळ उशीर.

इअरबड्समध्ये ‘गेम मोड’ असेल तर आधी तो लावून बघा, फुकट आहे. तो साठाच कमी करतो, म्हणून गर्दीच्या ठिकाणी आवाज तुटेल. आणि माइक चालू केल्यावर आवाज फोन कॉलसारखा चपटा झाला, तर इअरबड बिघडला असं समजू नका. ब्लूटूथ तेव्हा गाण्यांची पद्धत सोडून कॉलच्या पद्धतीवर गेलेलं असतं. दोस्तांशी बोलत खेळायचं असेल तर मी सरळ वायरचा हेडसेट घ्या म्हणेन.