रद्द झालेली वेळ पुढच्याला कशी द्यावी?

प्रश्न : माझा दातांचा दवाखाना आहे. कुणी ऐनवेळी रद्द केलं की प्रतीक्षा यादीतल्या सगळ्यांना एकदम मेसेज टाकतो. मग तिघे ‘येतो’ म्हणतात नि दोघे रागावतात. काय करावं?

उत्तर : एका वेळी एकालाच विचारा. समजा, सकाळी 11 वाजता संध्याकाळी 5 ची वेळ मोकळी झाली. पहिल्या पेशंटला लिहा : ‘आज 5 ची वेळ मोकळी आहे. 11.30 पर्यंत हो कळवा, नंतर ती पुढच्यांना देऊ.’ ‘अर्ध्या तासात कळवा’ लिहू नका, मेसेज 11.20 ला उघडणारा अर्धा तास तिथून मोजतो.

11.30 ला उत्तर नसेल तर आधी ‘ही वेळ आता पुढे दिली’ असं त्याला कळवा, मगच दुसऱ्याला विचारा. ही पायरी गाळली की पावणेबाराला पहिल्याचा ‘हो’ येतो आणि एका खुर्चीला दोन पेशंट होतात. गप्प राहिलेल्याचा यादीतला क्रमांक मात्र काढू नका. तो बिचारा लोकलमध्ये लोंबकळत असेल.

तासाभरावर आलेली वेळ असेल तर मेसेजच्या फंदात न पडता सरळ फोन करा, तोही जवळ राहणाऱ्यांनाच. यादीत नाव घेतानाच ‘किती वेळात पोचाल?’ हे विचारून ठेवा.