गोळीने पाणी उतरते, चरबी नाही

थायरॉइडची गोळी सुरू झाली की वजन आपोआप उतरेल आणि नाही उतरले तर डोस कमी पडतोय, असे धरून चालणाऱ्यांना माझा पहिला सावधगिरीचा शब्द हा की गोळीकडून नेमके काय मिळते ते आधी पाहा. डेन्मार्कमध्ये हायपोथायरॉइडच्या 12 रुग्णांचे उपचाराआधी आणि वर्षभरानंतर शरीरमापन केले गेले. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. वजन सरासरी चार किलोंच्या आसपास उतरले होते, पण चरबी जवळपास होती तेवढीच राहिली. उतरले ते मुख्यतः अंगात साचलेले पाणी. अभ्यास लहान आहे, तरी थायरॉइडमुळे वाढणारे वजन साधारण अडीच ते साडेचार किलो असते आणि त्यात क्षार व पाणीच जास्त असते, या सर्वमान्य अंदाजाशी तो जुळतो. म्हणजे कुणाचे वजन पंधरा किलोंनी जास्त असेल, तर त्यातले दहाहून अधिक किलो थायरॉइडच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

यातून उष्मांकांचे लक्ष्य कसे ठरवायचे? टीएसएच डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत आले असेल, तर थायरॉइडसाठी वेगळी वजावट करायची नाही. समजा वय 42, उंची 155 सेंटिमीटर, वजन 72 किलो आणि काम बैठे, अशी एक स्त्री आहे. प्रचलित सूत्राने तिचे शरीर नुसते पडून राहिले तरी रोज सुमारे 1320 कॅलरी खर्च करते. घरकाम आणि थोडे चालणे धरून हा खर्च 1780 पर्यंत जातो. ही सूत्रे भारतीय शरीरांसाठी जरा जास्तच आकडा देतात, म्हणून 1700 धरू. त्यातून 300 ते 350 वजा केले की लक्ष्य 1350 ते 1400. या हिशेबाने महिन्याला एक ते सव्वा किलो, तीन महिन्यांत तीन-साडेतीन किलो. एवढेच. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तरी ते पाणी समजावे, आणि पाळीच्या आधी किलोभर चढले तर तेही पाणीच. त्यामुळे रोजचा आकडा सोडून आठवड्याची सरासरी आणि कमरेचे माप पाहावे.

‘माझे थायरॉइड मंद आहे, म्हणून मला 900 वरच राहावे लागेल’ असे म्हणणाऱ्यांची घाई मला समजते, पण पटत नाही. इतके कमी खाल्ले की शरीर स्वतःच टी-3 हे सक्रिय संप्रेरक कमी करते, स्नायू झिजतात, केस गळतात, आणि त्या गळण्याचा दोष पुन्हा थायरॉइडवर जातो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: ‘मी खातेच किती? तरी उतरत नाही.’ 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी असेच म्हणणारे दहाजण तपासले. त्यांच्यात थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाणही बरेच होते. त्यांचा उष्मांक-खर्च अपेक्षेएवढाच निघाला, मात्र प्रत्यक्षातले खाणे त्यांनी सांगितल्यापेक्षा खूप जास्त होते. सांगताना जवळपास निम्मे सुटले होते. यात लबाडी नव्हती, अंदाज चुकत होता. आपल्याकडे तो तेलात चुकतो. वडाभातावर किंवा गोळाभातावर वरून ओतलेल्या फोडणीचे तेल कोणी मोजत नाही. तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे 45 कॅलरी. तसे चार चमचे पडले की 180, म्हणजे वर काढलेल्या तुटीतली निम्म्याहून अधिक तूट एकाच ताटात भरून निघाली. तर्री-पोह्यातल्या तर्रीलाही हेच लागू. पदार्थ सोडायची गरज नाही. पंधरा दिवस तेल चमच्याने मोजून घ्यावे, एवढे पुरे.

चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर आधी ही मोजणी तपासावी, मग गोळी. ती उपाशीपोटी पाण्यासोबत घेऊन चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करावा. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, गोळ्यांची बाटली शेगडीजवळच्या फळीवर किंवा स्कूटरच्या डिकीत राहिली तर औषधाची ताकद घटू शकते. टीएसएच वाढलेले दिसले की ही कारणेही डॉक्टरांना सांगावीत. डोस बदलला, तर परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे लागतात; त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करते.

टीएसएच ठीक असताना केवळ वजनासाठी डोस वाढवून मागणे मात्र धोक्याचे आहे. जास्त डोसाने हृदयाचे ठोके बिघडतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडेही झिजतात. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर ते वजन कमी करण्यासाठी वापरू नये असा ठळक इशाराच छापलेला असतो.